दर सोमवारी सहा, की रोज दोन? एका अरबी औषधपत्रकाचे मराठीकरण

माझी आत्या ७४ वर्षांची असून कुर्ल्याच्या नेहरूनगरात धाकट्या मुलाकडे राहते. तिचा थोरला मुलगा मस्कतला नोकरीला आहे. तिला आमवात आहे, म्हणजे हातापायांच्या लहान सांध्यांना सूज आणून सकाळी बोटे आखडवणारा संधिवात. गेल्या वर्षी ती पाच महिने मस्कतला होती आणि तिथल्या डॉक्टरांनी तिला मेथोट्रेक्सेट सुरू केले. आषाढात ती मुंबईला परतली, तेव्हा तिच्या पिशवीत या गोळ्यांच्या प्रत्येकी दहाच्या तीन पट्ट्या आणि फॉलिक ॲसिडची एक पट्टी होती. खोक्यावर तिथल्या औषधविक्रेत्याने हाताने लिहिलेली अरबी चिठ्ठी चिकटवलेली होती. आतले पत्रक मुळात अरबी आणि इंग्रजी असे जोडलेले असते, पण इंग्रजी अर्धा भाग घडीवर फाटून केव्हाच गेला होता. मी अरबीतून व्यापारी कागदपत्रांचे भाषांतर करते, त्यामुळे घरातली अशी कामे माझ्याकडे येतात. धाकट्या वहिनीने पत्रकाचे फोटो पाठवले आणि ‘आईंना वाचता येईल असे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून दे’ असे कळवले.

फोटोंबरोबर तिने आणखी एक चिठ्ठी पाठवली होती. शेजारी राहणारे एक निवृत्त गृहस्थ उर्दू वाचतात आणि कुराणपठणामुळे अरबी अक्षरे त्यांना स्पष्ट लागतात. दोन दिवसांपूर्वी त्यांनी खोक्यावरचा मजकूर वाचून मराठीत लिहून दिले होते : ‘एकदा ६ गोळ्या, मग रोज २, जेवणानंतर.’ आत्या मात्र म्हणत होती की मी तर सोमवारी घेते, थोरल्या सुनेने तसेच सांगितले आहे. वहिनीला प्रश्न पडला होता तो इतकाच, की लिहिलेले खरे मानायचे की आईंच्या आठवणीतले.

मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत हा प्रश्न साधा नसतो. पेशी विभागताना फोलेट हे जीवनसत्त्व लागते आणि हे औषध त्याच्याच वापरात अडथळा आणते. आमवातासाठी ते कमी मात्रेत, आठवड्यातून एकाच दिवशी दिले जाते. मधले सहा दिवस अस्थिमज्जेला, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तराला सावरायला मिळतात, कारण तिथल्या पेशी सतत नव्या होत असतात. तेच औषध रोज घेतले तर हा सावरण्याचा काळच उरत नाही, मग रोजची मात्रा वरवर कितीही लहान दिसो. आठवड्याचे औषध चुकून रोज घेतले गेल्याने जगभर माणसे दगावलेली आहेत, आणि म्हणूनच युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये खोक्यावर ‘आठवड्यातून एकदाच’ अशा ठळक इशाऱ्यासह ही चूक रोखण्याचे अनेक उपाय सुचवले. शेजारच्या काकांच्या चिठ्ठीप्रमाणे आत्याने रोज दोन गोळ्या घेतल्या असत्या, तर २.५ मिलिग्रॅमच्या गोळीच्या हिशेबाने ते रोजचे ५ आणि आठवड्याचे ३५ मिलिग्रॅम झाले असते. त्यातही तिचे वय ७४. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि या वयात मूत्रपिंडे मंदावलेली असतात.

म्हणून भाषांतराला हात लावण्यापूर्वी मी वहिनीला फोन करून पट्ट्यांतल्या गोळ्या मोजायला सांगितल्या. मस्कतहून निघताना तीन पट्ट्या अखंड होत्या, म्हणजे ३० गोळ्या, आणि इथे आल्यावर दोन सोमवार झाले होते. आत्या म्हणते तसे घेतले असेल तर १२ संपून १८ उरायला हव्यात, आणि चिठ्ठी आल्यावर तिने रोजच्या दोन सुरू केल्या असतील तर त्याहून कमी. वहिनीने दोनदा मोजल्या. १८ भरल्या. आकडा कमी निघाला असता तर भाषांतर बाजूला ठेवून त्याच क्षणी डॉक्टरांना गाठावे लागले असते, कारण या औषधाच्या अतिमात्रेवर फोलिनिक ॲसिड हा उतारा असतो आणि तो जितका लवकर द्यावा तितका उपयोगी पडतो.

खोक्यावरची ओळ

चिठ्ठीवरचे अरबी शब्द मराठी अक्षरांत लिहिले तर असे होते : ‘६ हब्बात, मर्रा वाहिदा, कुल्ल यौम इस्नैन, बअद अल-अक्ल.’ शब्दाला शब्द ठेवला तर सहा गोळ्या, एक वेळा, प्रत्येक दिवस, दोन, खाण्यानंतर. काकांनी नेमके हेच केले आणि त्यातून अर्थ लागावा म्हणून मधे एक ‘मग’ घातला. पहिल्या दिवशी जास्त आणि पुढे कमी अशी औषधे असतात, त्यामुळे त्यांचा तर्क हास्यास्पद मुळीच नव्हता. अडचण एका शब्दात होती. अरबीत ‘इस्नैन’ म्हणजे दोन आणि ‘यौम अल-इस्नैन’ म्हणजे सोमवार. रविवारपासून मोजलेला दुसरा दिवस, म्हणून सोमवारचे नाव ‘दोन’वरून आले आहे. उर्दूत सोमवारला ‘पीर’ म्हणतात, त्यामुळे उर्दूच्या सवयीने वाचणाऱ्याला इथे वार दिसतच नाही, आकडा दिसतो.

मग ‘रोज दोन’ हा अर्थ अरबीत अशक्य का? त्याला व्याकरणाचे कारण आहे. अरबीत दोनसाठी वेगळे वचन असते. दोन गोळ्या म्हणायच्या तर ‘हब्बा’ या शब्दालाच शेपूट लावून ‘हब्बतैन’ असा एकच शब्द लिहितात, तिथे ‘दोन’ हा आकडा वेगळा येत नाही. दोनदा म्हणायचे तर ‘मर्रतैन’. त्यामुळे गोळीचा शब्द सोबत नसलेला एकटा ‘इस्नैन’ ‘यौम’च्या मागोमाग आला, तर तो वारच असतो. ‘सोमवार असता तर अल-इस्नैन असे लिहिले असते’, अशी शंका अरबी थोडेफार शिकलेल्याला येईल. ‘प्रत्येक’ या अर्थाच्या ‘कुल्ल’नंतर येणारे नाम ‘अल’शिवाय येते. ‘अल’ लावला तर ‘कुल्ल’चा अर्थ ‘सगळा, अख्खा’ असा होतो. म्हणजे ‘अल’ नसणे हीच इथली शुद्ध रचना आहे. संपूर्ण ओळीचा अर्थ असा झाला : दर सोमवारी, एकाच वेळी, ६ गोळ्या, जेवणानंतर.

आकड्याचीही खात्री करावी लागली. आखाती देशांत छापील पत्रकावर आपल्या ओळखीचे आकडे असू शकतात, पण हाताने लिहिणारे बरेचदा अरबी आकडे लिहितात आणि मराठी डोळ्याला ते फसवतात. अरबी पाच हा गोल असतो, थेट आपल्या शून्यासारखा. अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. अरबी सहा इंग्रजी सातसारखा दिसतो. चिठ्ठीच्या कोपऱ्यात ‘१५ मिलिग्रॅम’ लिहिले होते आणि वहिनीने ते ‘१० असावे’ असे वाचले होते. २.५ मधला दशांशचिन्हाचा टिंबही अरबीत स्वल्पविरामासारखा असतो, त्यामुळे ‘२.५’ हे ‘२,०’ असे दिसून कोणाला वीस वाटले तर नवल नाही. इथे मला गणिताचा आधार मिळाला. सहा गोळ्या, प्रत्येकी २.५, म्हणजे १५. कोपऱ्यातला आकडा १५ असेल तरच ओळीतला सहा जुळतो, आणि सात किंवा दहा घेऊन कुठलाच हिशेब बसत नाही. एकाच चिठ्ठीत गोळ्यांची संख्या आणि मिलिग्रॅम दोन्ही असतील, तर ते एकमेकांवर ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पत्रकातला एक नून

यानंतर पत्रक घेतले. फोटोवर काम करायचे नाही असे ठरवून मी रविवारी लोकलने कुर्ल्याला गेले आणि मूळ कागद हातात घेतला. तो निर्णय किती योग्य होता हे ‘मात्रा विसरल्यास’ या परिच्छेदात कळले. अरबीत ‘यौमियन’ म्हणजे रोज आणि ‘यौमैन’ म्हणजे दोन दिवस. लिहिताना दोन्ही शब्दांची पहिली चार अक्षरे तीच असतात. फरक फक्त शेवटच्या अक्षराचा, एकीकडे अलिफ, दुसरीकडे नून. कागदाची घडी नेमकी त्याच अक्षरावरून गेली होती आणि फोटोत तिथे पांढरा पट्टा आला होता. कागद खिडकीशी धरल्यावर नूनचा वाडगा आणि त्यातला ठिपका दिसला. वाक्य होते : ठरलेल्या दिवशी गोळी विसरली आणि दोन दिवसांच्या आत आठवली तर घ्यावी, दोन दिवसांहून जास्त झाले असतील तर पुढच्या ठरलेल्या दिवसापर्यंत थांबावे, भरपाई म्हणून दुप्पट घेऊ नये. अलिफ समजून वाचले असते तर विसरलेल्या मात्रेच्या सूचनेतच ‘रोज’ शिरला असता. ‘उस्बूइय्यन’ म्हणजे आठवड्याने आणि ‘उस्बूऐन’ म्हणजे दोन आठवडे, ही जोडीही अशीच शेवटच्या अक्षराने वेगळी होते. त्यामुळे या औषधाच्या पत्रकात काळ सांगणारा प्रत्येक शब्द मी शेवटच्या अक्षरापर्यंत बोट ठेवून वाचला.

पत्रकात मात्रेच्या रकान्याखाली आमवातासाठी आठवड्याला एकदा ७.५ ते २० मिलिग्रॅम असे होते. आत्याचे १५ त्यात बसत होते. तरीही पत्रकावरून मात्रा ठरत नसते. पत्रक सगळ्या रुग्णांसाठी असते आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका रुग्णासाठी. म्हणून मस्कतच्या आतेभावाकडून मूळ प्रिस्क्रिप्शनचा फोटो मागवला. ते इंग्रजीत होते आणि त्यावर आठवड्यातून एकदा, सोमवारी, १५ मिलिग्रॅम असे स्पष्ट होते. खोक्यावरची चिठ्ठी, पत्रक आणि प्रिस्क्रिप्शन अशा तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट निघाली, तेव्हाच मी मात्रेची ओळ मराठीत लिहायला घेतली.

मराठीने घातलेले घोळ

अरबीतले सापळे संपल्यावर मराठीतले सुरू झाले, आणि खरे सांगायचे तर त्यांत माझा जास्त वेळ गेला. पहिल्या मसुद्यात मी ‘दर आठ दिवसांनी’ असे लिहिले होते. आपण सगळे तसेच बोलतो. ‘आठ दिवसांनी ये’ म्हणजे पुढच्या याच वारी ये. पण आत्या हिशेबी बाई आहे, तिने कॅलेंडरवर खरोखर आठ घरे मोजली असती आणि गोळीचा दिवस दर खेपेला एकेक वार पुढे सरकला असता. ‘आठवड्यातून एकदा’ हेही पुरेसे नाही, कारण त्यात वार ठरत नाही. एका आठवड्याच्या शनिवारी आणि पुढच्या आठवड्याच्या सोमवारी घेतली तरी ती ‘आठवड्यातून एकदाच’ ठरते, प्रत्यक्षात मात्र मधे एकच दिवस जातो. वाराचे नाव पूर्ण लिहिणे हाच मार्ग होता.

पण वार होता सोमवार आणि आत्या सोमवारचा उपवास करते. मस्कतला तिने तो सोडला होता. इथे आल्यावर तो सुरू झाला होता आणि श्रावण तोंडावर आला होता. ‘जेवणानंतर’ या सूचनेचे उपवासाच्या दिवशी काय करायचे, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘दोन केळी खाते आणि घेते. मळमळतं थोडं.’ हा भाषांतराचा प्रश्न नव्हता, पण भाषांतर करताना तो पुढे आला. वार आपल्या मनाने बदलायचा नाही, कारण अलीकडे ओढला तर दोन मात्रांतले अंतर कमी होते. मुंबईतल्या तिच्या संधिवाताच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी रक्ताच्या ताज्या तपासण्या पाहिल्या आणि त्या आठवड्याची सोमवारची मात्रा न देता थेट बुधवारी घ्यायला सांगितले. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा आणि चतुर्थी कुठल्याही वारी, तेव्हा आत्याच्या आठवड्यात नियमाने जेवणाचा असा बुधवारच सापडला.

दुसरा घोळ मनाईच्या जोराचा. अरबी पत्रकात सूचनांच्या पायऱ्या असतात. ‘युम्नअ’ म्हणजे सक्त मनाई, ‘यजिबु’ म्हणजे केलेच पाहिजे, ‘युन्सहु’ म्हणजे सल्ला दिला जातो. मराठीत आपण हे सगळे ‘घ्यावे’, ‘घेऊ नये’ आणि ‘टाळावे’ यांत गुंडाळून टाकतो. ‘घेऊ नये’ हे वाक्य आत्याने आयुष्यभर ज्या संदर्भात ऐकले आहे, त्यात चातुर्मासात वांगे खाऊ नये इथपासून तिन्हीसांजेला झोपू नये इथपर्यंत सगळे येते. पाळले तर चांगले, नाही पाळले तरी चालून जाते. म्हणून सक्त मनाईसाठी मी सरळ ‘घ्यायची नाही’ असे लिहिले आणि सल्ल्यासाठी ‘शक्यतो’ वापरले. ‘टाळावे’ हा शब्द पूर्ण कागदातून काढून टाकला.

त्यातही ‘ला… इल्ला’ ही रचना अवघड होती. पत्रकात होते : वेदनाशामके घेऊ नका, वैद्याच्या सल्ल्याखेरीज. नुसते ‘वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या नाहीत’ लिहिले, तर डॉक्टरांनी स्वतः दिलेली गोळीही ती बंद करणार. ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक घ्या’ लिहिले, तर मनाईची परवानगी झाली, आणि गल्लीतला केमिस्टसुद्धा तिच्या दृष्टीने डॉक्टरच आहे. शेवटी असे लिहिले : ‘सांधे किंवा कंबर दुखली तरी दुकानातून आणून गोळी घ्यायची नाही. आपल्या संधिवाताच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेली असेल तेवढीच घ्यायची.’ मूळ एका ओळीच्या दोन ओळी झाल्या, पण त्यांचे दोन अर्थ निघत नाहीत.

सर्वांत जास्त विचार करायला लावला तो ‘तकर्रुहात अल-फम’ या शब्दांनी, म्हणजे तोंडात होणाऱ्या व्रणांनी. ‘मुखव्रण’ लिहिले तर आत्याला कळणार नाही. घरातला शब्द ‘तोंड येणे’ असा आहे आणि तो तिला लगेच कळतो. पण कळतो तो भलत्याच अर्थाने. तोंड आले म्हणजे उष्णता झाली, जाईचा पाला चघळायचा, गुलकंद खायचा, दोन दिवसांत जाते. या औषधावर असलेल्या माणसाला मात्र तोंड येणे ही औषध अंगाला जास्त होत असल्याची पहिली खूण असू शकते, आणि तिच्या जोडीला घसा दुखणे, ताप, अंगावर आपोआप काळेनिळे डाग उठणे हे आले तर रक्तातल्या पेशी घटत असल्याची शक्यता असते. म्हणजे शब्द बरोबर निवडून इशारा मात्र हरवला असता. इथे मी पत्रकात नसलेले एक वाक्य घातले आणि ते माझे आहे अशी खूण करून डॉक्टरांना दाखवले : ‘तोंड आले तर ती उष्णता समजायची नाही, घरगुती उपाय करत थांबायचे नाही, पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा.’ त्यांनी ते तसेच ठेवले. कोरडा खोकला आणि दम लागणे यांबाबतही हेच केले, कारण पावसाळ्यात मुंबईत खोकला कोणाला होत नाही, या विचाराने तो अंगावर काढला जातो आणि या औषधाने फुप्फुसाला होणारा त्रास तसाच सुरू होतो.

औषधांच्या नावांबद्दल थोडे. अरबीत ‘प’ नाही, त्यामुळे पॅरासिटामॉलचे ‘बारासीतामोल’ होते. पत्रकाच्या परस्परक्रियेच्या भागात एक नाव ‘ताराइमीथोब्रीम’ असे वाचले जात होते. ‘ब’च्या जागी ‘प’ ठेवल्यावर ते ट्रायमेथोप्रिम निघाले. लघवीच्या संसर्गावर दिल्या जाणाऱ्या को-ट्रायमोक्साझोलमध्ये ते असते, आणि तेही फोलेटच्याच वाटेत आडवे येत असल्याने मेथोट्रेक्सेटबरोबर घेतल्यास रक्तपेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. आत्याला ही नावे लक्षात ठेवायला लावण्यात अर्थ नव्हता. ती कागदाच्या मागच्या बाजूला, कोणताही डॉक्टर वाचू शकेल अशी इंग्रजी अक्षरांत लिहिली आणि पुढच्या बाजूला एवढेच सांगितले की कुठल्याही कारणाने नवे औषध मिळाले, तर हा कागद आधी दाखवायचा.

गरोदरपणाबद्दलचे इशारे मी आधी गाळणार होते. ७४ वर्षांच्या बाईला त्यांचे काय? मग लक्षात आले की गोळ्या काढून देते ती धाकटी वहिनी, आणि गरोदर असलेल्या किंवा राहू इच्छिणाऱ्या बाईने या गोळ्या हाताळू नयेत असे पत्रक सांगत होते. तो इशारा आत्यासाठी नव्हता, पण घरातल्या दुसऱ्या कोणासाठी असू शकत होता. तो वहिनीला वेगळा लिहून दिला आणि गोळ्या पट्टीतून आत्यानेच काढायच्या असे ठरले. साठवणुकीची सूचना साधी होती. कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी.

कागद

शेवटी जो कागद तयार झाला, त्याचा मधला भाग असा होता :

‘मेथोट्रेक्सेट. पिवळी लहान गोळी. एक गोळी २.५ मिलिग्रॅम.
फक्त बुधवारी. रात्रीच्या जेवणानंतर ६ गोळ्या, एकाच वेळी. एकूण १५ मिलिग्रॅम.
इतर कुठल्याही वारी ही गोळी घ्यायची नाही.
बुधवारी विसरली आणि गुरुवारी किंवा शुक्रवारी आठवली, तर त्याच दिवशी जेवणानंतर ६ घ्यायच्या. शनिवार उजाडला तर ती खेप सोडून द्यायची. पुढच्या बुधवारी नेहमीच्या ६. बारा कधीच नाही.
फॉलिक ॲसिड. एक गोळी ५ मिलिग्रॅम. फक्त शनिवारी, १ गोळी.’

‘दोन दिवसांच्या आत’ हे मी मुद्दाम वारांची नावे घालून सोडवले, म्हणजे आत्याला मोजदाद करावी लागू नये. रंगाची मदत होईल असे वाटले होते, पण तिच्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्याही पिवळ्याच निघाल्या. म्हणून दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या डब्यांत गेल्या आणि मेथोट्रेक्सेटच्या डब्यावर ‘बुधवार’ एवढेच लिहिले. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी सात खणांची डबी आहे. त्या डबीत ही गोळी ठेवायची नाही हेही लिहिले, कारण सात खण दिसले की भरणाऱ्याचा हात सातही खण भरतो.

कागद वाचायला दिला तेव्हा ‘कळलं का?’ असे मी विचारले नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. ‘आत्या, समज आज शनिवार आहे आणि तुला आठवलं की बुधवारी गोळ्या राहिल्या. काय करशील?’ असे विचारले. तिने चष्मा सारखा केला, बोट ओळीवरून फिरवले आणि म्हणाली, ‘शनिवारी ती दुसरी, एक. या सहा बुधवारी. आणि तू मला बारा घेऊ देणार नाहीस.’ मग तिने स्वतःच विचारले, ‘पण या संपल्या की इथल्या दुकानातल्या गोळ्या अशाच असतील का?’

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. भारतात मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या २.५, ५, ७.५, १० आणि १५ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. मस्कतच्या पट्टीसाठी अचूक असलेले ‘६ गोळ्या’ हे भाषांतर १० मिलिग्रॅमच्या पट्टीला लावले, तर एका रात्रीत ६० मिलिग्रॅम पोटात जातील. कागदावर मिलिग्रॅम लिहिले होते खरे, पण आत्याच्या लक्षात राहणार होता तो सहाचा आकडा. त्यामुळे कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ‘हा कागद मस्कतच्या पट्टीपुरताच. नवी पट्टी आली की हा फाडायचा’ असे लाल शाईने लिहिले आणि डॉक्टरांकडून पुढच्या चिठ्ठीवर गोळीची ताकद आणि वार दोन्ही अक्षरांत लिहून घेतले.

१८ गोळ्या तीन बुधवार पुरल्या. चौथ्या बुधवारच्या आदल्या दिवशी वहिनी नवी पट्टी घेऊन आली. तीही २.५ ची होती. तरीही आत्याने जुना कागद फाडला आणि नवा येईपर्यंत पट्टी उघडली नाही. शेजारच्या काकांना मी ‘इस्नैन’ची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. यौमुल-इस्नैन हा शब्द त्यांना लहानपणापासून माहीत होता, पण औषधाच्या खोक्यावर तो वार असेल असे त्यांच्या मनातही आले नव्हते.